भरलेली बॅटरी आणि पसरणीचा घाट

गाडी घेताना शोरूममधल्या पोराने मला एक वाक्य ऐकवलं होतं. "सर, हिला ब्रेक लावायची गरजच पडत नाही. पाय उचला, गाडी आपोआप थांबते, वर बॅटरीपण चार्ज होते!" आठ महिने ते खरं ठरलं. गेल्या डिसेंबरात पाचगणीच्या हॉटेलात गाडी रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी पडद्यावर 100 टक्के बघून खुशीत निघालो, आणि पसरणीच्या घाटातल्या पहिल्याच वळणाआधी पाय उचलला... गाडी थांबायचं नाव घेईना. उलट वेग घ्यायला लागली. ब्रेक दाबला, थांबली. झालं काहीच नाही. पण शेजारी बसलेली बायको वाई येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "सर, फॉल्ट नाही तो. नॉर्मल आहे." खरंच आहे. माझं भांडण नॉर्मल असण्याशी नाहीच, आधी न सांगण्याशी आहे.

पाय उचलला की मोटर जनरेटर बनते आणि चाकांची गती वीज होऊन बॅटरीत जाते. आपल्याला ब्रेक लागल्यासारखं जे वाटतं, ते खरं तर चार्जिंग असतं. बॅटरीला वीज घ्यायची नसेल तर हा ब्रेकही नाही! सेलच्या व्होल्टेजला वरची मर्यादा असते; निकेलवाल्या बहुतेक सेलना 4.2 व्होल्ट, लोह-फॉस्फेटवाल्यांना 3.65. भरलेल्या सेलमध्ये आणखी करंट ढकलला तर ती मर्यादा ओलांडून सेल खराब होतो, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर रीजनरेशन कमी करतो किंवा बंदच करतो. काही कंपन्या वर थोडी जागा मुद्दाम राखतात, त्यांच्या गाड्यांत 100 दिसत असतानाही थोडी ओढ उरते.

थंडीतली गोष्ट वेगळी. तिथे आत जागा असते, पण दार अरुंद होतं. लिथियमचे आयन ग्राफाइटच्या आत हळू शिरतात आणि घाई केली तर बाहेरच धातू होऊन साचतात. हे नुकसान कायमचं. टोरांटोतला माझा भाचा सांगतो, जानेवारीत सकाळी निघालं की पहिली पंधरा-वीस मिनिटं ओढ जवळजवळ नसतेच. बॅटरी गरम होईल तशी परत येते. भरलेल्या बॅटरीचं घाटात तसं होत नाही. उतारावर वीज खर्चच होत नाही, मग जागा होणार कुठून? महाबळेश्वरहून निघालेल्याची पाचगणीपर्यंत थोडीफार तरी वापरली जाते. आम्ही मात्र चार्जरवरून थेट घाटात!

आता हिशोब करू. पाचगणी ते वाई उतार धरा 600 मीटर. माणसांसकट गाडी 1700 किलो. ही ऊर्जा होते साधारण 10 मेगाज्यूल, म्हणजे पावणेतीन युनिट. टायर आणि हवा त्यातलं पाऊण युनिट खातात. उरलेली दोन युनिटं एरवी बऱ्याच अंशी बॅटरीत गेली असती, त्या दिवशी सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये गेली. एवढ्या उष्णतेत बावीस-तेवीस लिटर पाणी उकळतं. धडधाकट ब्रेक हे सोसतात, दाबून-सोडून वापरले तर आरामात. "इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक फेल होतात" म्हणून बोंब मारणाऱ्यांनी माझ्या जोरावर उड्या मारू नयेत.

खरा धोका पायाच्या सवयीत आहे. पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिन धरून ठेवतं, टाकी भरलेली असो की रिकामी. इथे आठ महिने पायाला शिकवलं, "उचल, थांबेल", आणि तो धडा नेमका घाटाच्या माथ्यावर खोटा ठरतो. म्हणे पडद्यावर खूण येते! माझ्या गाडीत हिरवी पट्टी आखूड झाली होती, एवढंच. वळणावर माणूस रस्ता बघणार की पट्टी? ओढ कमी पडली की गाडीने आपणहून साधे ब्रेक लावून ती भरून काढावी. अशक्य काही नाही, टेस्लामध्ये हा पर्याय आहे. अमेरिकेत शेवरोलेच्या बोल्टमध्ये तर 2017 च्या मॉडेलपासूनच डोंगरमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी सोय होती: चार्जिंग पूर्ण भरण्याआधीच थांबवायचं, उतरताना जागा राहावी म्हणून. म्हणजे हे कंपन्यांना तेव्हापासून ठाऊक आहे! आणि आमच्याकडे अजून "ब्रेक लावायची गरजच पडत नाही"...

माझ्या बॅटरीत ती दोन युनिटं म्हणजे पाच टक्के. मार्चमध्ये पुन्हा पाचगणीला गेलो तेव्हा 90 वर चार्जिंग बंद करायला सांगितलं, आणि घाट सुरू व्हायच्या आधी सपाटीवर एकदा पाय उचलून पाहिला. ओढ होती. हॉटेलातला पोरगा मात्र नाराज. "काका, दहा टक्के राहिलेत की अजून. पैसे तेवढेच पडतील."