समजून घ्या : कीटकनाशकाच्या लेबलवरचा ‘६००’ हा आकडा नेमका कशाचा?

भद्रावती : कपाशीवर पांढरी माशी किंवा तुडतुडे दिसले की कृषी केंद्रातून औषध आणले जाते. लेबलची अक्षरे बारीक असतात. मग त्याचा फोटो शिकलेल्या मुलाला किंवा पुतण्याला पाठवला जातो आणि प्रश्न एकच असतो : पंपाला किती टाकायचे? उत्तर देणाऱ्याने शब्द बरोबर वाचले, पण रकाना चुकला, तर काय होते?

फोटो कशाचा काढायचा?

फक्त डब्याच्या समोरच्या बाजूचा फोटो पुरत नाही. तिथे घटकाचे नाव, टक्केवारी आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण दिसतो. पीक, कीड, मात्रा आणि पाणी यांचा पूर्ण तक्ता मात्र बहुतेक वेळा सोबतच्या घडीपत्रकात असतो. त्यामुळे त्या पत्रकाचा फोटोही हवा आणि त्यात तक्त्याचे मथळे दिसायलाच हवेत. मथळा कापला गेला, तर खालच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

त्रिकोणाचे रंग चार आहेत. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, इतरांपेक्षा कमी विषारी.

मात्रा कशी काढायची?

डायफेनथ्युरॉन ५० टक्के भुकटीचे उदाहरण घेऊ. कपाशीसाठी तक्त्यात ३०० ग्रॅम, ६०० ग्रॅम आणि ५०० ते ७५० लिटर असे आकडे असतात. ३०० हे शुद्ध घटकाचे वजन आहे, तर ६०० ग्रॅम म्हणजे पुड्यातून प्रत्यक्ष मोजून घ्यायची भुकटी. भुकटीत घटक निम्माच असल्याने आकडा दुप्पट होतो.

हे सगळे आकडे हेक्टरी आहेत. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणून एकराला २४० ग्रॅम भुकटी आणि २०० ते ३०० लिटर पाणी लागते. १५ लिटरच्या हातपंपाचे हे साधारण १३ ते २० पंप होतात. म्हणजे एका पंपाला १२ ते १८ ग्रॅम. ‘हेक्टर’ऐवजी ‘एकर’ वाचले, तर त्याच शेतात अडीचपट विष पडते.

हा हिशेब हातपंपाचा आहे. पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागते. एकरी मात्रा तीच ठेवली तरी टाकीतले द्रावण जास्त तीव्र होते आणि बारीक तुषार फवारणाऱ्याच्या अंगावर जास्त येतात.

‘वेटिंग पीरियड’ म्हणजे काय?

याचे भाषांतर ‘थांबण्याचा काळ’ असे केले, तर तो दोन फवारण्यांमधला काळ वाटतो. खरा अर्थ आहे, शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे किमान दिवस. या औषधासाठी कपाशीत ते २१ दिवस आहेत. ५ ऑक्टोबरला फवारणी केली, तर २६ ऑक्टोबरच्या आत वेचणी नाही. कारण बोंडांना हात लावतात त्या वेचणाऱ्या बाया आणि सरकीची ढेप जाते जनावरांच्या गव्हाणीत. पीक बदलले की दिवसही बदलतात. त्यामुळे कपाशीचा आकडा मिरचीला लावता येत नाही.

यवतमाळात काय घडले होते?

वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे तुषार थेट तोंडावर-छातीवर येत होते. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र केली होती. कोणते विष पोटात किंवा अंगात गेले, हे रुग्णाला सांगता येत नसे आणि डॉक्टरांची अडचण होई.

म्हणूनच सुरक्षिततेच्या ओळी वगळून केवळ मात्रा सांगणे धोक्याचे ठरते. हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी नाही. फवारताना तंबाखू-बिडी नाही. बंद नोझल तोंडाने फुंकायचे नाही. दुसरे औषध मिसळायचे तर लेबलवर तशी शिफारस हवी.

विषबाधा झाल्यास फोटो कसा कामी येतो?

चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, जास्त घाम किंवा लाळ ही लक्षणे दिसताच फवारणी थांबवावी, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णालय गाठावे. सोबत डबा किंवा लेबलचा फोटो न्यावा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषावर ॲट्रोपीन दिले जाते. डायफेनथ्युरॉनवर असा ठरलेला उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. डॉक्टरांना त्यासाठी कंपनीचे नाव नव्हे, घटकाचे नाव लागते. तेव्हा फोटो फवारणी झाल्यावर पुसून न टाकता हंगाम संपेपर्यंत फोनमध्ये ठेवावा.