तीन सेकंदांचा वाचक

आपल्या कार्यकर्त्यांचे महामार्गावरील फलक हे सभेच्या ठरावाचे संक्षिप्त रूप असतात. मागणी, निषेध, अध्यक्ष, प्रमुख वक्ते, वेळ, स्थळ. आणि कोणी रुसू नये म्हणून निमंत्रकांची नावे. पण वाचणारा माणूस स्टीअरिंगवर आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने तो तीन सेकंदांत सुमारे 66 मीटर पुढे जातो, आणि तेवढा वेळ त्याची नजर रस्त्यावरून आपण काढून घेतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, हा खर्च आपल्या हिशेबात कोठेच धरलेला नसतो.

समजा, लासलगावला कांद्याच्या भावासाठी सभा आहे. दीडशे मीटरवरून वाचू लागायचे, तर अक्षर साधारण 40 सेंटिमीटर उंच हवे. देवनागरीत वरखालच्या मात्रांसाठी जवळजवळ तेवढीच जागा आणखी लागते. म्हणजे तीन मीटर उंच फलकावर तीनच ओळी: ‘कांद्याला हमीभाव’, ‘सोमवारी लासलगाव’, आणि पक्षाचे नाव. वक्त्यांची नावे पत्रकात जावीत. दाट रेघांचे वळण घेतले, तर दुरून प्रथम अनुस्वार नाहीसा होतो आणि ‘द्या’चा गठ्ठा होतो, म्हणून रेघा मोकळ्या ठेवाव्यात.

फलक रंगविण्यापूर्वी तोच मजकूर एक सेंटिमीटर अक्षरांत कागदावर काढून भिंतीला लावावा. पावणेचार मीटरवर उभ्या केलेल्या, मजकूर ठाऊक नसलेल्या माणसाला तो तीन सेकंद दाखवून झाकावा, आणि काय वाचले ते विचारावे. निमंत्रकांपैकी कोणाला मात्र विचारू नये. त्यांना आपले नाव दिसतेच.