शिक्क्यांची अडत

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा लहान कारखाना चालविणाऱ्या उद्योजकाच्या ई-मेलमध्ये अलीकडे एक ठरावीक पत्र येऊन पडते. पत्राचा मायना गोड, पण सूर धमकीचा असतो. ‘आपल्या परदेशी ग्राहकाने आयएसओ ९००१ प्रमाणपत्र मागितले आहे काय? ते नसल्यास निर्यात बंद होईल. सात दिवसांत प्रमाणपत्र, कागदपत्रे आमची, तपासणीची दगदग नाही, शंभर टक्के हमी, सल्ल्यासह एकरकमी शुल्क.’ खाली सल्लागार संस्थेचे भारदस्त नाव आणि पृथ्वीगोलाचे चित्र असते.

हे पत्र नेमके योग्य वेळी येते, कारण जर्मनीतील किंवा इटलीतील पंप बनविणाऱ्या कंपनीने त्याच आठवड्यात खरोखरच प्रमाणपत्राची मागणी केलेली असते. पूर्वी या कंपन्या आपला निरीक्षक पाठवीत. तो भट्टीपाशी उभा राहून नमुने काढी आणि आपल्या मालकाच्या खर्चाने परत जाई. आता तो खर्च विकणाऱ्याच्या माथी मारण्यात आला आहे. विश्वास ग्राहकाला हवा आणि त्याची किंमत मात्र उत्पादकाने मोजावी, अशी ही नवी व्यवस्था आहे. प्रमाणपत्र आणले म्हणून कोणी किलोमागे चार आणे अधिक देत नाही. उलट माल नापास झाला, तर भाड्यासकट सर्व रक्कम बिलातून कापण्याचा अधिकार ग्राहक स्वतःकडे ठेवतोच.

या भीतीवर सल्लागाराचा धंदा उभा आहे. त्याचे पत्र नीट वाचले तर त्याची लबाडी पत्रातच सापडते. मात्र त्यासाठी या व्यवहाराची घडण ठाऊक हवी. आयएसओ ही जिनिव्हा येथील संस्था केवळ मानके लिहिते. ती कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र देतात त्या निराळ्या, बहुधा खाजगी, प्रमाणन संस्था. या संस्था लायक आहेत की नाहीत हे त्या त्या देशातील मान्यता मंडळ पाहते. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचे राष्ट्रीय मंडळ करते. प्रमाणन संस्थांनी पाळावयाचे मानकही वेगळे आहे, आयएसओ १७०२१. त्यात स्वच्छ म्हटले आहे की प्रमाणन करणाऱ्या संस्थेने त्या विषयातला सल्ला विकू नये, आणि अमुक सल्लागार घेतल्यास प्रमाणपत्र सोपे किंवा स्वस्त पडेल असे सुचवूही नये. शिकवणी घेणाऱ्यानेच परीक्षा घेऊ नये, इतकी ही साधी गोष्ट आहे. तेव्हा सल्ला आणि प्रमाणपत्र एकाच रकमेत देणारे पत्र हे स्वतःच्या अपात्रतेची कबुली असते.

‘तपासणीची दगदग नाही’ या आश्वासनाचेही तसेच. कारखान्याची तपासणी किती दिवस चालावी हे तपासनिसाच्या मर्जीवर सोडलेले नाही. मान्यता मंडळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी तक्ता घालून दिला आहे आणि तो माणसांच्या संख्येवर बेतलेला आहे. आयएसओ ९००१ साठी ११ ते १५ माणसांच्या कारखान्याला पहिल्या वेळी अडीच दिवस, १६ ते २५ माणसांना तीन दिवस, २६ ते ४५ माणसांना चार दिवस. कारणे लेखी नोंदवून यात फार तर ३० टक्के सूट मिळते. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते. मधल्या दोन वर्षांत दरवर्षी, पहिल्या वेळेच्या सुमारे एक तृतीयांश इतकी, पाहणी व्हावी लागते.

आता एक नमुना घेऊ. एका फौंड्रीच्या हजेरीपटावर १४ माणसे आहेत आणि ठेकेदारामार्फत येणारी २४. साचे भरणारा, वाळू मळणारा, वितळलेल्या धातूचे लॅडल ओढणारा, निघालेला माल घासणारा हे सारे त्या २४ मध्ये. सल्लागार अर्जात १४ लिहितो. तपासणी अडीच दिवसांवर येते, शुल्क घटते आणि मालकाला सल्लागार देवमाणूस वाटू लागतो. परंतु नियम असा की तपासणीच्या वेळी कामावर असलेली हंगामी, तात्पुरती आणि ठेक्याची माणसेही मोजावयाची असतात. खरा आकडा ३८ आणि खरा काळ चार दिवस. सगळे एकच ठरावीक काम करीत असतील तर काही सूट मिळू शकते, पण ती सूट सांगून घ्यावयाची असते, माणसे लपवून नव्हे. ज्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यापासून दूर ठेवले, कारखाना निरीक्षकापासून दूर ठेवले, त्यांना आता गुणवत्तेच्या हिशेबातूनही वजा करण्यात आले. कामगार चळवळीने या कागदाकडे लक्ष द्यावे ते या वजाबाकीसाठी. ‘हा मालकाचा विषय’ म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी तो आजवर बाजूला ठेवला, हे बरोबर झाले नाही.

कारण गुणवत्ता जन्मते किंवा मरते ती या वजा केलेल्या माणसांच्या हातांत. एसजी आयर्न नावाचे लोखंड घ्या. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या पुष्कळ भागांसाठी ते लागते. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातले की त्यातील ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी बारीक गोळ्यांच्या रूपात जमते आणि लोखंडाला चिवटपणा येतो. परंतु मॅग्नेशियम टिकून राहत नाही. ते जळून, उडून जात असते. लॅडल साच्यांपर्यंत नेऊन शेवटचा साचा भरीपर्यंत हाताशी काही मिनिटेच असतात. क्रेन अडली, माणूस कमी पडला, कोणी उरलेला धातू वाया जाऊ नये म्हणून आणखी दोन साचे भरावयास सांगितले, की अखेरच्या साच्यांत ग्राफाइट पुन्हा पापुद्र्यांकडे झुकते. बाहेरून दोन्ही भाग एकसारखे दिसतात, वजनही तेच. मुरलेला कामगार हातोडीचा ठोका मारून आवाजावरून ओळखतो. चांगला भाग खणखणतो, बिघडलेला बद्द वाजतो. खात्री करावयाची तर अखेरच्या धातूचा नमुना घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. हे न केल्यास भाग परदेशातल्या पंपात बसतो आणि दाबाच्या धक्क्याने तडकतो.

येथे आयएसओ ९००१ चे मानक निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. प्रामाणिकपणे राबविले तर ते इतकेच मागते की मॅग्नेशियम कितीला घातले आणि शेवटचा साचा कितीला भरला ही वेळ त्या हीटच्या क्रमांकापुढे लिहिली जावी, तो क्रमांक मालावर उमटलेला असावा, नमुना कोणी पाहिला हे नोंदलेले असावे, मोजण्याची उपकरणे वेळोवेळी पडताळलेली असावीत आणि काम करणारा माणूस त्या कामात तयार झालेला असावा. एखादा भाग तडकल्याचे पत्र आले तर नोंदवही उघडून तो कोणत्या लॅडलमधला होता आणि त्याच लॅडलचे आणखी किती भाग बाहेर गेले हे सांगता यावे. कोणत्याही शहाण्या ओताऱ्याला हे पटेल. त्यासाठी भट्टीपाशी एक घड्याळ, एक वही आणि लिहिणाऱ्याला ‘हे दोन साचे भरू नका’ असे म्हणण्याचा अधिकार हवा. या तिन्हींत तिसरी गोष्टच महाग, कारण ठेक्यावरच्या माणसाने असे म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम राहील याची हमी कोणी देत नाही.

सल्लागाराच्या फायलीत यातले काहीच नसते. तिच्यात असते जाडजूड ‘गुणवत्ता पुस्तिका’ आणि तिच्यामागे कार्यपद्धतींची चळत. पुष्कळदा ती रबराच्या किंवा प्लास्टिकच्या कारखान्यासाठी लिहिलेली असते आणि तिच्यात फक्त नाव बदललेले असते. गंमत अशी की ही पुस्तिका आता मानकाला नकोच आहे. १९८७ मध्ये निघालेल्या या मानकाची २००८ ची आवृत्ती पुस्तिका आणि सहा लेखी कार्यपद्धती सक्तीने मागत असे. २०१५ च्या आवृत्तीने ती सक्ती काढून टाकली. लहान कारखान्यावरचे ओझे हलके झाले खरे, पण ही बातमी सल्लागार देत नाही, कारण त्याचा दर पानांवर चालतो. याच फायलीत प्रशिक्षणाच्या नोंदीही असतात. एका दिवसात, एकाच शाईने, कधी झाल्याच नाहीत अशा वर्गांना हजर राहिल्याच्या सह्या त्यांत आढळतात. ज्याला अर्जात मोजले नाही, त्याची सही मात्र लागते.

शिवाय ग्राहकाला जे हवे असते ते पुष्कळदा हे प्रमाणपत्र नसतेच. आयएसआयचा शिक्का हा मालावरचा. त्यासाठी मालाचे नमुने तपासले जातात. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीविषयी आहे, म्हणून त्याचे चिन्ह मालावर छापण्यास मनाई आहे. युरोपातील पंपवाला अनेकदा दुसराच कागद मागतो, ईएन १०२०४ या मानकानुसार ‘३.१’ नावाचा. त्यात पाठविलेल्या मालाच्या रासायनिक घटकांचे आणि ताणचाचणीचे प्रत्यक्ष आकडे लिहावयाचे असतात, आणि सही करावयाची असते ती कारखान्यातल्याच, पण उत्पादन विभागाच्या हुकमतीबाहेरच्या माणसाने. हा कागद कोणताही सल्लागार विकू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. ग्राहकाच्या पत्रात नेमके काय मागितले आहे हे न वाचता धास्तीने पैसे भरलेला उद्योजक महिन्याभराने पुन्हा त्याच दारात उभा राहतो, कारण ग्राहक लिहितो, ‘आयएसओ मिळाले, ३.१ कोठे आहे?’

आणि स्वस्तातला शिक्का टिकतो किती? नोंदणी करून कोणीही प्रमाणन संस्था थाटू शकतो. तिला ‘मान्यता’ देण्यासाठी भारदस्त नावाचे खाजगी मंडळही उभे करता येते. ग्राहकाचा खरेदी अधिकारी मान्यता मंडळाच्या सूचीत त्या संस्थेचे नाव शोधतो आणि ते सापडत नाही. कधी संस्था खरी असते, पण प्रमाणपत्रावर कामाची व्याप्ती ‘लोखंडी मालाचा व्यापार’ अशी असते, किंवा पत्ता भट्टीचा नसून शहरातल्या कचेरीचा असतो. पैसे गेले, मागणीही गेली. लहान उद्योजक फसला म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. मान्यताप्राप्त संस्थेचे शुल्क, येण्याजाण्याचा खर्च आणि उपकरणांची पडताळणी हे सारे चाळीस माणसांच्या फौंड्रीला एकटीने परवडत नाही, चारशे माणसांच्या फौंड्रीला परवडते. तपासणीचे दिवस माणसांच्या प्रमाणात वाढत नाहीत. दहापट माणसांना दहापट दिवस लागत नाहीत. म्हणून दरडोई बोजा लहानावरच अधिक पडतो आणि प्रमाणपत्राची अट मोठ्यांच्या हातात लहानांना बाजारातून हुसकण्याचे साधन बनते.

सरकारने २०२२ मध्ये नव्याने सुरू केलेल्या ‘झेड’ योजनेत सूक्ष्म उद्योगांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. परंतु ‘झेड’ हा सरकारचा स्वतःचा शिक्का आहे, आणि जर्मन ग्राहक मागतो तो निराळा. सवलत एका शिक्क्यावर, अट दुसऱ्याची.

सहकाराची परंपरा सांगणाऱ्या जिल्ह्यात याला उत्तर नसावे हे पटत नाही. वापरलेली वाळू पुन्हा कामात आणण्याचा सामायिक प्रकल्प कोल्हापूरच्या फौंड्र्यांनी उभा केला आहे. त्याच धर्तीवर दहा-पंधरा लहान फौंड्र्यांनी मिळून एक धातुतज्ज्ञ पगारी नेमावा, वर्णपटमापक आणि सूक्ष्मदर्शक सामाईक घ्यावा, आणि मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेशी दर एकत्र ठरवावा. सल्लागारांना एकेकट्याने दिली जाणारी रक्कम एकत्र केली तर त्या माणसाचा पगार निघेल. युनियनने या व्यवस्थेत मागावयाचे ते दोनच: अर्जातल्या माणसांच्या आकड्यावर कामगार प्रतिनिधीची सही असावी, आणि भट्टीपाशीच्या वहीत ‘धातू थंडावला, साचा भरला नाही’ असे लिहिणाऱ्या ठेका कामगाराची त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये.