पाण्याला तारीख असते

केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी 25 डिसेंबर 2024 रोजी खजुराहो येथे झाली. त्यातून दरवर्षी 10.62 लाख हेक्टर क्षेत्राला सिंचन मिळेल, असे सरकारचे म्हणणे आहे. या आकड्याच्या खरेखोटेपणात मी येथे शिरत नाही. मला खटकतो तो त्याचा प्रकार. ‘दरवर्षी इतके हेक्टर’ या मोजमापात पाणी कोणत्या आठवड्यात मिळणार, हे कुठेच येत नाही. कालव्याच्या आवाक्याबाहेर राहणाऱ्या बुंदेलखंडातील विहीरवाल्या शेतकऱ्यापुढे मात्र नेमका तोच प्रश्न असतो. त्याच्या पीकनियोजनाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहिला, तर आपली धोरणे त्याच्यापर्यंत का पोहोचत नाहीत, याचा बराचसा उलगडा होतो.

ललितपूर-टीकमगढच्या पट्ट्यात जमिनीखाली ग्रॅनाइटचा कातळ आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणून येथे खोल बोअरपेक्षा रुंद उघडी विहीर अधिक भरवशाची. हिशेबासाठी मी पाच एकरांचा एक शेतकरी कल्पिला आहे. सहा मीटर व्यासाची विहीर, डिझेल पंप आणि घरात काम करणारी तीन माणसे. आकडे नमुन्याचे आहेत. पण त्या भागातील शेतकऱ्याला ते अनोळखी वाटू नयेत.

अशा विहिरीत किती पाणी आहे, यापेक्षा उपसल्यावर ती रात्रीतून किती भरून येते, हे महत्त्वाचे. पावसाळा सरताना ती दिवसाला सुमारे 90 हजार लिटर देते. डिसेंबरच्या आरंभी 85 हजार, जानेवारीच्या मध्यावर 65 हजार, जानेवारीअखेर 60 हजार आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जेमतेम 40 हजार. एका एकराला सहा सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची, तर 2.4 लाख लिटर लागतात. म्हणजे डिसेंबरात तीन दिवसांत भिजणारा एकर फेब्रुवारीत सहा दिवस घेतो. नोव्हेंबरात न उपसलेले पाणी फेब्रुवारीसाठी राखून ठेवता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भेगांतले पाणी थांबत नाही. ते नाल्याकडे आणि शेजाऱ्याच्या विहिरीकडे सरकत राहते.

आता गहू घेऊ. पाणी तीनच पाळ्यांचे असेल तर त्या मुकुटमुळे फुटताना, पोटरीत आणि दाणा चिकात असताना द्याव्यात, ही जुनी आणि पक्की शिफारस आहे. पंधरा नोव्हेंबरच्या सुमारास पेरलेल्या गव्हाला ही पाणी देण्याची वेळ साधारण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत येते. पहिल्या पाळीसाठी एक आठवडा धरला, तर विहीर सहा लाख लिटर देते. अडीच एकर निघतात. जानेवारीअखेरच्या दहा दिवसांतही अडीच एकर निघतात. पण शेवटच्या दहा दिवसांत मिळतात फक्त चार लाख लिटर. त्यात दीड एकर भिजतो, फार तर थोडे अधिक.

म्हणून या शेतकऱ्याचे गव्हाचे क्षेत्र दीड एकर. हे क्षेत्र ठरवते ती फेब्रुवारीअखेरची विहीर; जमीन किती आहे किंवा नोव्हेंबरात विहीर किती तुडुंब आहे, याने ते ठरत नाही. नोव्हेंबरचे पाणी पाहून ज्याने तीन एकर गहू पेरला, त्याचे पीक जानेवारीपर्यंत हिरवेगार दिसते. चूक लक्षात येते मार्चमध्ये. अर्ध्या शेताची ओंबी आधी पांढरी पडते, दाणा सुरकुतलेला निघतो. मार्च लवकर तापला तर नुकसान वाढते. 2022 मध्ये ते देशभर दिसले आणि मे महिन्यात केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

उरलेल्या साडेतीन एकरांना पाणी द्यायचे, तर गव्हाच्या पाळ्यांमधल्या रिकाम्या दिवसांत बसणारी पिके शोधावी लागतात. हरभऱ्याला एकच पाणी देणे शक्य असेल, तर ते फांद्या फुटल्यावर फुलोऱ्यापूर्वी किंवा घाटे भरताना देता येते. ऑक्टोबरच्या शेवटी पेरलेल्या हरभऱ्याचे फुलोऱ्यापूर्वीचे पाणी गव्हाच्या पहिल्या पाळीवर येऊन आदळते. म्हणून ते सोडायचे आणि जानेवारीच्या मध्यावरचे, घाटे भरण्याच्या वेळचे घ्यायचे. त्या वेळी विहीर मोकळी असते आणि दोन एकर हरभरा सात-आठ दिवसांत निघतो. मावठ वेळेवर झाली तर तेही पाणी वाचते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलेल्या मोहरीला महिन्याभराने एक पाणी पुरते. गव्हाची ओलवणी उरकल्यानंतर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दीड एकर मोहरीला ते चार दिवसांत देता येते. दीड एकर गहू, दोन एकर हरभरा, दीड एकर मोहरी. पाचही एकर पेरले गेले आणि कोणत्याही पंधरवड्यात विहिरीवर तिच्या कुवतीपेक्षा अधिक भार आला नाही.

मात्र हा रब्बीचा आराखडा जुलैमध्येच ठरलेला असावा लागतो, कारण खरिपाचे पीक शेत कधी मोकळे करते यावर रब्बीची पेरणी अवलंबून. उडीद पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत निघतो. जुलैच्या आरंभी पेरला तर सप्टेंबरच्या उत्तरार्धात रान मोकळे होते आणि परतीच्या पावसाची ओल हरभऱ्यासाठी सांभाळता येते. त्याच पावसात उडदाच्या शेंगा भिजून मोड येण्याचा आणि त्याआधी पिवळ्या मोझॅकचा धोका असतो, हे खरे. सोयाबीन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघते. त्यामागे गहू घ्यावा, कारण त्याला ओलवणी द्यायचीच असते. ओल उडाली तरी बिघडत नाही. तिळामागे मोहरी.

पाचही एकर सोयाबीन का नको? बाजारात ते सहज खपते, बियाणे आणि मळणीयंत्र गावात मिळते. पण येथे मजुरीची अडचण आडवी येते. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत खुरपणी झाली नाही, तर तण पिकाला गाठते. एका एकराच्या खुरपणीला साधारण दहा माणसांचे एका दिवसाचे काम असते. जुलैच्या उत्तरार्धात पावसाने वाफसा देऊन काम करू दिले, असे बारा दिवस धरले, तर तीन माणसांकडून छत्तीस दिवसांचे काम होते. पाच एकरांना पन्नास लागतात. त्याच आठवड्यात सगळ्या गावाला मजूर हवा असतो, त्यामुळे पैसे मोजूनही तो मिळत नाही. म्हणून दोन एकर उडीद आणि दीड एकर सोयाबीन आधी पेरायचे, आणि दीड एकर तीळ दोन आठवडे उशिरा, जुलैच्या मध्यानंतर. तिळाची खुरपणी ऑगस्टमध्ये ढकलली जाते आणि पस्तीस दिवसांचे काम छत्तीस दिवसांत बसते. ओढाताण होते ती ऑक्टोबरात. तीळ आणि सोयाबीन दोन्ही एकाच आठवड्यात कापणीला येतात, आणि दोघांच्याही शेंगा-बोंडे वाट न पाहता तडकतात. तेथे मळणीयंत्राच्या भाड्याला पर्याय नाही.

बुंदेलखंडात आणखी एक काम आहे, ते मजुरीच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात मला आढळलेले नाही. ‘अन्ना प्रथा’ म्हणून ओळखली जाणारी, जनावरे मोकाट सोडण्याची रीत. भाकड गाई-बैलांचे कळप रात्रीतून हरभऱ्याचा फडशा पाडतात. पीक उभे असेपर्यंत कोणीतरी थंडीत माचाणावर रात्र काढावी लागते. दिवाळीनंतर घरातला एक जण दिल्लीकडे मजुरीला गेला की राखणीला माणूस उरतो एक. शेताचे तुकडे दोन ठिकाणी असतील, तर हरभरा घराजवळच्याच तुकड्यात येऊ शकतो, मग दूरची जमीन त्याला अधिक मानवणारी का असेना. शेतकरी कडधान्याकडे वळत नाही, अशी तक्रार करणाऱ्या अहवालांनी ही रात्रपाळी मोजलेली नसते.

भावाचेही असेच. 2025-26 च्या विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये होता आणि हरभऱ्याचा 5,650. चिकातले पाणी हुकलेला गहू एकरी साडेआठ क्विंटल उतरला, असे धरले, तर सुमारे 20 हजार 600 रुपये होतात. एका पाण्यावरचा पाच क्विंटल हरभरा 28 हजारांवर जातो. कागदावर निकाल स्पष्ट आहे. तरीही तिसऱ्या एकरात गहूच का पेरला जातो? एक तर घरचे धान्य आणि जनावरांचा भुसा गव्हातून येतो. ती गरज दीड एकरात बहुधा भागते. त्यापुढचा गहू खरेदीच्या खात्रीपोटी पेरला जातो. गव्हाची खरेदी केंद्रे दरवर्षी उघडतात; हरभऱ्याची खरेदी किंमत आधार योजनेतून होते आणि तिला सर्वसाधारणपणे राज्याच्या उत्पादनाच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा आहे. ज्याचा माल मर्यादेबाहेर राहिला, त्याच्यासाठी 5,650 हा आकडा वर्तमानपत्रातच राहतो. माझ्या मते हमीभाव आणखी शंभर-दोनशे रुपयांनी वाढवण्यापेक्षा ही मर्यादा कोरडवाहू आणि विहीरबागायती जिल्ह्यांत उठवण्याने पीकपद्धती अधिक बदलेल.

पाण्याच्या बाबतीत सुरुवात झाली आहे. अटल भूजल योजनेत, जी महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवली गेली, ग्रामपंचायतींनी पाण्याचा ताळेबंद मांडणे अपेक्षित आहे. हिवरे बाजारमुळे मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. त्याआधी आंध्रातील शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्पात शेतकरी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून रब्बीपूर्वी एकत्र बसत आणि मग पिके ठरवत. पण गावाचा वार्षिक ताळेबंद जुळला, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली विहीर जुळली, असे होत नाही. त्यासाठी वेगळे मोजमाप हवे आणि ते अवघड नाही. ऑक्टोबरमध्ये, जानेवारीत आणि फेब्रुवारीत एकेकदा विहीर ठरावीक खोलीपर्यंत उपसायची आणि पूर्वीची पातळी गाठायला तिला किती तास लागतात, ते दोरी आणि घड्याळाने टिपायचे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की ऑक्टोबरच्या मोजणीवरून फेब्रुवारीचा अंदाज बांधता येतो. शेजारी नवी बोअर झाली, तर तेही या नोंदीत लगेच उमटते.

कुसुम योजनेतून सौर पंपासाठी अनुदान देताना हीच नोंद मागायला हवी. ज्या विहिरीतून फेब्रुवारीत दिवसाला 40 हजार लिटरच मिळतात, तेथे नवा पंप डिझेलचा खर्च वाचवतो, हे मान्य. पण दुपारी बारापर्यंत विहीर कोरडी करून तो उरलेला दिवस उभा राहतो. त्या शेतकऱ्याला फेब्रुवारीअखेर आणखी अडीच लाख लिटर देऊ शकणारी गोष्ट वेगळी असते: वरच्या अंगाला तिथवर पाणी धरणारे शेततळे, विहिरीच्या तळाशी मारलेले आडवे बोअर किंवा गाळ काढलेला जुना चंदेलकालीन तलाव. यांपैकी काय लागू पडेल, ते प्रत्येक विहिरीगणिक बदलते, आणि अनुदानाच्या अर्जात आज त्या विहिरीविषयी विचारला जाणारा प्रश्न फार तर तिची खोली किती, एवढाच असतो.