गोधडीला ‘कांथा’ का म्हणायचं?

गोधडीला इंग्रजीत काय म्हणतात? डिक्शनरी सांगते, क्विल्ट. परदेशी गिऱ्हाइकांसाठी उघडलेली ऑनलाइन दुकानं सांगतात, कांथा. माझं मत विचाराल तर पहिलं उत्तर अर्धवट आहे आणि दुसरं चुकीचं. गेली तीनेक वर्षं मी हातकामाच्या वस्तू विकणाऱ्या छोट्या दुकानांसाठी मराठी माहितीची इंग्रजी वर्णनं लिहितेय. या काळात एक गोष्ट पक्की कळलीय. गिऱ्हाईक आपल्या शब्दांना घाबरत नाही. वस्तू नक्की काय आहे हे कळलं नाही, तर मात्र ते वैतागतं.

आधी ‘कांथा’चं बघू. कांथा बंगालचा, आणि तिथल्या नक्षी कांथ्याला भौगोलिक मानांकनही आहे. जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर ठेवून धावदोरा घालायचा, ही मूळ कल्पना कांथा आणि गोधडी दोघींची सारखीच. म्हणून विक्रेते म्हणतात, ‘अगं, लोक कांथाच सर्च करतात, गोधडी कोण शोधणार?’ मुद्दा खरा आहे. पण सोलापूरच्या एखाद्या आजींनी शिवलेली गोधडी कांथा म्हणून विकली, की गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं जातं, बंगालच्या बायकांचं नाव वापरलं जातं आणि आजींच्या कामाचं नाव पुसलं जातं. त्यातून गोधडी कुणीच शोधत नाही, हे रडगाणं आपणच कायम ठेवतो. ‘बंगालच्या कांथ्याशी नातं सांगणारी’ असं वर्णनात एकदा लिहायला माझी हरकत नाही, कारण ते खरं आहे. शीर्षकात मात्र नको.

मग शीर्षकात काय? एट्सीवर शीर्षकाला १४० अक्षरांची जागा मिळते, पण शोधयादीत दिसतात ते सुरुवातीचे मोजके शब्द. तिथे अनोळखी शब्द पहिला आला तर लोक पुढे सरकतात. म्हणून आधी ओळखीचं नाम आणि त्याला चिकटून आपलं नाव: Hand-stitched saree quilt, godhadi from Maharashtra. टॅग १३ मिळतात, प्रत्येकी जास्तीत जास्त २० अक्षरांचे. recycled saree quilt हा टॅग मोजून २० अक्षरांत बसतो. गोधडीची स्पेलिंग लोक वेगवेगळी करतात, म्हणून एका टॅगमध्ये godhadi आणि दुसऱ्यात godhdi टाकायचं. ‘साडी’ हा शब्द परदेशातही बऱ्याच जणांना माहीत असतो. तो समजावत बसू नका, त्याचा फायदा घ्या.

नाव ठेवायचं म्हणजे प्रत्येक मराठी शब्द ठेवायचा असं नाही. माझा नियम साधा आहे. ज्या शब्दाला इंग्रजीत तंतोतंत जोडीदार आहे, तो सरळ बदलायचा. धावदोरा म्हणजे रनिंग स्टिच, विषय संपला. ‘धावदोरा’ तसाच ठेवून पुढे दोन ओळी समजावणं म्हणजे वाचणाऱ्याला उगीच दमवणं. ज्या शब्दाला जोडीदार नाही तो ठेवायचा आणि पहिल्यांदा येईल तिथेच, त्याच वाक्यात उलगडायचा. तळाशी शब्दार्थांची यादी दिली तर तिथपर्यंत कुणी जात नाही.

खरी गडबड होते ती अर्धवट जुळणाऱ्या शब्दांत. उदाहरणार्थ ठिगळ. घाईत त्याचं ‘पॅचवर्क’ होतं. पण अमेरिकेतल्या माणसाच्या डोक्यात पॅचवर्क म्हणजे ठरवून कापलेल्या तुकड्यांची नक्षी. आपलं ठिगळ म्हणजे विरलेल्या जागी लावलेला तुकडा. पार्सल उघडल्यावर त्याला नक्षी दिसत नाही, कोपऱ्यात वेगळ्याच रंगाचा चौकोन दिसतो, आणि तक्रार येते, ‘डिफेक्टिव्ह पीस.’ तोच चौकोन ‘जुनी साडी जिथे विरली होती तिथे हाताने लावलेलं ठिगळ’ असं फोटोसकट सांगितला, तर तो त्या गोधडीची ओळख ठरतो.

‘क्विल्ट’ही असाच शब्द आहे. तिकडच्या नेहमीच्या क्विल्टमध्ये वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कापसाचा किंवा पॉलिस्टरचा भरावाचा थर असतो. आपल्या गोधडीत सहसा भराव नसतो, कापडावर कापड असतं. त्यामुळे ती चपटी आणि जड लागते. ‘मायेची ऊब’ हे आपलं लाडकं वाक्य इथेच फसतं. त्याचं शब्दशः इंग्रजी वाचून बर्फाळ गावातला माणूस कडाक्याच्या थंडीसाठी गोधडी मागवतो आणि रात्रभर कुडकुडतो. त्यापेक्षा थर किती, वजन किती आणि कोणत्या हवेत पुरेल, हे लिहा.

मापाचंही तेच. ५ बाय ७ फुटांची गोधडी आपल्याकडे एका माणसाला भरपूर झाली. अमेरिकेत क्वीन मापाची गादी ६० बाय ८० इंच असते. आपली गोधडी ६० बाय ८४, म्हणजे ती गादी जेमतेम झाकते, बाजूंनी खाली लोंबत नाही. नुसतं ‘क्वीन साइझ’ लिहिलं की ‘छोटी निघाली’ हा रिव्ह्यू ठरलेला! इंच आणि सेंटिमीटर दोन्ही द्या आणि ‘क्वीन गादीच्या वर पुरते, बाजूंनी लोंबत नाही’ हेही सांगा.

शेवटचा घोळ ‘कॉटन’चा. मराठीत सांगताना ‘सुती गोधडी’ तोंडातून सहज निघतं. पण घराघरातल्या जुन्या साड्यांत सिंथेटिक साड्या भरपूर असतात. ‘१०० टक्के कॉटन’ लिहिण्याआधी प्रत्येक साडीच्या कडेचा एक धागा काढून सांभाळून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि भुरभुरीत राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळून कडक मणी तयार होतो. आतले थर गोधडी शिवून झाल्यावर तपासता येत नाहीत, म्हणून हे शिवण्याआधीच करायला हवं. आधीच शिवलेली असेल तर ‘मुख्यतः सुती, मिश्र कापड’ असं लिहा.

हे सगळं एका गोधडीला लावून बघू. मराठी माहिती अशी येते: ‘आजीच्या मायेची ऊब देणारी पारंपरिक सुती गोधडी, सुंदर धावदोरा.’ माझ्या इंग्रजी वर्णनाचा मजकूर असा असेल: ‘गोधडी हे महाराष्ट्रातलं घरगुती पांघरूण. वापरलेल्या, धुतलेल्या साड्यांचे थर हाताने शिवून ते बनतं. या गोधडीत चार थर आहेत, आत भराव नाही. ६० बाय ८४ इंच, वजन साधारण दोन किलो. उन्हाळ्यात पांघरायला किंवा थंडीत दुसऱ्या पांघरुणावर घालायला. टाके हाताचे, त्यामुळे ओळी थोड्या लहरतात. एका कोपऱ्यात ठिगळ आहे, चौथा फोटो बघा.’

यात माया हा शब्द कुठेच नाही, हे मान्य. एका दुकानदार ताईंनी मला विचारलंही, ‘आपल्या भावनाच काढून टाकल्या की गं!’ मला तसं वाटत नाही. कुणाची तरी नेसून मऊ झालेली साडी, हाताने घातलेले टाके, विरलेल्या जागी लावलेलं ठिगळ हे वाचून माणसाला जे वाटायचं ते वाटतंच. ते आपण आधीच विशेषणांत सांगून टाकायची गरज नाही. आपलं काम वस्तू खरी सांगण्याचं आणि तिचं नाव जपण्याचं. गिऱ्हाइकाने पुढच्या वेळी सर्चमध्ये स्वतःहून godhadi टाइप केलं, की समजायचं, भाषांतर जमलं.