‘एक विचारायचं होतं, विसरले बघा’

दवाखान्यात तासभर नंबर लावून बसलेल्या अम्मी आत जातात. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि ‘आणखी काही?’ म्हणतात. अम्मी थबकतात. ‘एक विचारायचं होतं, पण विसरले बघा.’ सोबतचा मुलगा लगेच सुरू होतो, ‘गुडघ्याचं का? चक्करचं? झोपेचं? आठवा ना!’

ही मदत नव्हे. दुसऱ्याने भलताच शब्द पुढे केला की मन त्यालाच अडकतं आणि ओठांवर आलेली गोष्ट मागे सरते. त्यात बाहेर रांग दिसत असली की म्हातारं माणूस ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून उठतं.

आम्हाला वाटतं, आधी थोडं गप्प राहावं. मनात दहा अंक मोजेपर्यंत. तेवढ्यानेही पुष्कळदा आठवतं. नाही आठवलं तर प्रश्न शोधू नये, तो सुचला ती वेळ शोधावी. १९८० च्या दशकात अमेरिकेत फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदारांना बोलतं करण्याची एक पद्धत पोलिसांसाठी तयार केली. तिच्यात साक्षीदाराला आधी मनाने घटनेच्या जागी परत नेतात, आणि तो बोलू लागला की मध्ये तोडत नाहीत. घरच्या माणसालाही हे जमतं.

‘अम्मी, हे कधी मनात आलं होतं?’

‘रात्री.’

‘तेव्हा काय करत होतात?’

‘उठले होते... अंधारात भिंत धरून चालले होते... हां! ती बीपीची नवी गोळी. रात्री घेतली की चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं. सकाळी घेतली तर चालेल का?’

डॉक्टरांनी गोळीचं पान पाहिलं. लघवी वाढवणारीच गोळी होती, ती सकाळी घ्यायला सांगितली. प्रश्न साधा दिसतो, पण या वयात रात्री अंधारात पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडतं. (मनाने गोळीची वेळ मात्र कुणी बदलू नये.)

अशी विसर कुणालाही पडते. एकच प्रश्न दिवसात अनेकदा येऊ लागला, किंवा एक-दोन दिवसांतच माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तर मात्र तेच डॉक्टरांना सांगावं. दुसऱ्या बाबतीत तर त्याच दिवशी.

आणि कधी कधी ‘विसरले’ म्हणणारी बाई काहीच विसरलेली नसते. खोकताना कपडे ओले होतात, हे मुलासमोर कसं बोलणार? ‘विसरले’ म्हणताना तिची नजर मुलाकडे किंवा दाराकडे जाते, चेहऱ्यावर आठवण्याची धडपड दिसत नाही. तिथे खोदून विचारणं म्हणजे तिला आणखी लाजवणं. मुलाने ‘मी औषधं घेऊन येतो’ म्हणून बाहेर पडावं. सून आत थांबेल. तिचाही संकोच वाटत असेल तर नर्सबाई पुरे. आणि घरी परतताना रिक्षात ‘मग काय विचारलंत?’ हा प्रश्न मुलाने काढू नये.