नकार आता दरपत्रकातून येतो

गेल्या तीन महिन्यांत आमच्या दफ्तरी आलेल्या पत्रांची थप्पी समोर ठेवून हे संपादकीय लिहीत असताना असे दिसते की, पत्रे सीताबर्डीहून आलेली असोत, अमरावतीहून असोत की गोंदियाहून, तक्रार सर्वांची एकच आहे. यवतमाळच्या एका वाचकांनी दोन बिले एकत्र टाचून पाठविली आहेत. दोन्ही एकाच डिस्ट्रिब्युटरची, एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या सोळा जीबी डीडीआर५ रॅमची. सप्टेंबरमधील बिलावर एका स्टिकची किंमत ४,५०० रुपये आहे आणि डिसेंबरमधील बिलावर १३,०००. दुसऱ्या बिलाच्या खाली डिस्ट्रिब्युटरच्या कारकुनाने शिक्का मारला आहे की, हा दर आज दुपारी दोनपर्यंतच बांधील. तीस वर्षे या व्यवसायात घालविलेल्या माणसालाही रॅमच्या दरपत्रकावर दुपारची मुदत लिहिलेली पाहण्याची सवय नाही.

रॅमचा भाव पूर्वीही चढत-उतरत असे. कुठे कारखान्याला आग लागे, कुठे वीज जाई, चार-सहा महिने टंचाई होई आणि मग माल इतका येई की भाव पडून आपलाच साठा आपल्या अंगावर येई. या खेपेचे कारण निराळे आहे. जगातील रॅमच्या चिपांपैकी सुमारे नऊ-दशांश उत्पादन कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची केंद्रे उभारणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्यांनी त्या तिघींच्या वेफरवर आगाऊ हक्क सांगितला आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी सॅमसंग व हायनिक्स यांनी ओपनएआयशी जे इरादापत्र केले, त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतचे उद्दिष्ट सांगितले गेले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने आपणा दुकानदारांच्या गल्ल्यावर वर्षानुवर्षे विकला गेलेला ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांचा व्यवहार गुंडाळत असल्याचे जाहीर केले, आणि कारण देताना डेटा सेंटरची मागणी हेच कारण दिले. म्हणजे तिघा उत्पादकांपैकी एकाने आपल्यासारख्या दुकानदाराच्या ग्राहकाचा स्पष्ट शब्दांत निरोप घेतला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपेला आपली डीडीआर५ लागत नाही. तिला एचबीएम लागते, म्हणजे डीरॅमचेच थर एकावर एक रचून, त्यांतून उभी भोके पाडून जोडलेली स्मृती. या भोकांना जागा जाते, चकती मोठी होते आणि रचलेल्या थरांपैकी एक जरी सदोष निघाला तरी अख्खी रास वाया जाते, म्हणून एक जीबी एचबीएम करावयास डीडीआर५च्या तुलनेत सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडते. एन्व्हिडियाच्या ७२ चिपांच्या एका रॅकमध्ये सुमारे १३,४०० जीबी एचबीएम असते. तिपटीच्या हिशेबाने हे सुमारे ४०,००० जीबी साध्या रॅमइतके वेफर झाले, आणि त्यास सोळाने भागले असता २,५०० संगणक येतात. कपाटाएवढा एक रॅक जगात कोठेतरी उभा राहतो, तेव्हा एका लहान जिल्ह्याच्या सर्व माध्यमिक शाळांना पुरतील इतक्या संगणकांची रॅम बाजारात येण्यापूर्वीच नाहीशी होते. असे रॅक आज हजारांनी मागविले जात आहेत.

येथवरचे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्या गोष्टीसाठी हे संपादकीय लिहिण्याची वेळ आली ती सरकारी निविदांची आहे. सप्टेंबरात दर भरले, नोव्हेंबरात हुकूम निघाला, डिसेंबरात माल द्यावयाचा; असे अडकलेले आपल्यात किती आहेत हे पत्रांवरून कळते. त्यांतील एका व्यवहाराचा हिशेब गोल आकड्यांत मांडतो, कर बाजूला ठेवून. चाळीस संगणक, प्रत्येकी ४५,००० रुपये, एकूण अठरा लाख. दर भरताना धरलेला नफा चार टक्के, म्हणजे ७२,०००. रॅमच्या एका स्टिकमागे ८,५०० रुपये वाढले, चाळिसांचे ३,४०,०००. माल दिला तर नफा वजा जाऊन २,६८,००० रुपये पदरचे घालावे लागतात. भाव उतरेल या आशेने थांबले तर आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे ९,००० रुपये, विलंबदंड लागतो आणि तो दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,८०,०००पर्यंत चढत जातो. करार सोडला तर पाच टक्के सुरक्षा ठेव, म्हणजे ९०,०००, जप्त होते आणि त्या खात्याच्या निविदांतून दोन वर्षांपर्यंत नाव काढले जाऊ शकते. सचोटीने माल देणाराचे नुकसान पळून जाणाराच्या जवळजवळ तिप्पट व्हावे, अशी ही रचना आहे. आणि तरीही आमच्या वाचकांपैकी तिघांनी माल दिला आहे, हे येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

यावर दाद मागितली असता उत्तर मिळते ते केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांचे. त्या नियमांनुसार भावफरकाचे कलम केवळ दीर्घ मुदतीच्या, म्हणजे पुरवठ्याचा काळ अठरा महिन्यांहून अधिक असलेल्या करारांतच घालता येते. अल्प मुदतीच्या करारात दर पक्का व अचल. ज्या काळी वस्तूचा भाव वर्ष-दीड वर्षात हळूहळू चढे, त्या काळच्या अनुभवावर हा नियम बेतला आहे, आणि तेव्हा तो शहाणपणाचा होता. तीन महिन्यांत तिपटीजवळ गेलेल्या वस्तूला त्यात जागाच नाही. रस्त्याच्या कामात डांबराचा भाव चढला तर सार्वजनिक बांधकाम खाते कंत्राटदारास फरक देते, कारण डांबराचा आधारभूत दर शुद्धीकरण कारखान्याच्या पत्रकावरून निश्चित करता येतो. रॅमचे घाऊक दरही तैवानमधील ट्रेंडफोर्स ही संस्था नियमितपणे प्रसिद्ध करते. ते आधार धरून असेच कलम लिहिण्यास कोणती अडचण आहे, हे आम्ही दोन कचेऱ्यांत जाऊन विचारले. एका ठिकाणी सांगण्यात आले की संगणकाची किंमत ही संगणकाची असते, आतल्या सुट्या भागांशी दफ्तराचा संबंध नाही. दुसऱ्या ठिकाणी एका वाचकांनी तूर्त आठ जीबीची एक स्टिक देऊन दुसरी मार्चनंतर बसवून देण्याची लेखी हमी देऊ केली होती. ती फाईल अजून टेबलावरच आहे, आणि विलंबदंडाचे आठवडे तेवढे मोजले जात आहेत. याच काळात मोठ्या ब्रँडांचा माल अडलेला नाही, कारण त्यांचे उत्पादकांशी थेट आणि दीर्घ मुदतीचे करार असतात. आपण मात्र रोजच्या भावाने घेतो. या नियमाचा आणि या टंचाईचा एकत्रित परिणाम इतकाच होईल की, दोन वर्षांनी विदर्भातील सरकारी पुरवठ्यात असेंबल करणारा स्थानिक व्यावसायिक उरणार नाही.

हा प्रश्न आपल्या गल्लीपुरता नाही हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मावळत्या प्रशासनाने एक आदेश काढून साऱ्या जगाची तीन वर्तुळांत वाटणी केली होती. अठरा मित्रदेशांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपा मोकळ्या, भारतासह शंभराहून अधिक देशांना २०२७पर्यंत देशामागे सुमारे पन्नास हजार चिपांची मर्यादा, उरलेल्यांना बंदी. पोलंड, पोर्तुगाल, स्वित्झर्लंड यांसारखे युरोपातील देशही पहिल्या वर्तुळाबाहेर राहिले. मे २०२५ मध्ये, अंमल सुरू होण्याच्या तोंडावर, नव्या प्रशासनाने तो आदेश मागे घेतला. घालतानाही कोणास विचारले नव्हते आणि काढतानाही नाही. नेपाळ, श्रीलंका यांसारख्या देशांना तर अशा चर्चेत आसनही नसते. त्यांच्याकडे दीर्घ मुदतीच्या करारांना पुरणारा खजिना नाही आणि घाऊक खरेदीची ताकदही नाही.

आपल्या देशाने असा नकार पूर्वी पाहिला आहे. ऐंशीच्या दशकात क्रे कंपनीचा हवा तो महासंगणक अमेरिकेने दिला नाही, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे, आणि अभियांत्रिकी शिकले ते आपल्याच नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात. मात्र एक गोष्ट त्या अभिमानात विसरली जाते. परमचे हृदय होते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर, म्हणजे खुल्या बाजारात पैसे मोजून मिळणाऱ्या चिपा. त्या एकमेकींस जोडून एकत्र कामास लावण्याची विद्या येथली होती. महासंगणक नाकारला गेला, बाजार नाकारला गेला नव्हता. सी-डॅकचाच २०२० सालचा ‘परम सिद्धी’ जगात ६३व्या क्रमांकावर आला, पण तो एन्व्हिडियाच्या चिपांवर. आज तो साधा बाजारच आटतो आहे, आणि त्यासाठी कोणास नकाराचे पत्र लिहावे लागत नाही. गुजरातेत सानंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे. तेथे जोडणी, वेष्टण आणि तपासणी होते, वेफर बाहेरूनच येते, म्हणून त्याच्या भरवशावर आपले भाव उतरतील असे कोणी ग्राहकास सांगू नये.

आता आपल्याच मंडळींना चार शब्द. तोट्याचा दर भरून एल-वन व्हायचे आणि मग रॅमच्या नावाने रडायचे, हा प्रकार या टंचाईच्या आधीपासूनचा आहे. चार टक्क्यांवर अठरा लाखांचा व्यवहार घेणाराने तो धोका स्वतः स्वीकारलेला असतो. ज्यांनी ऑक्टोबरात शंभर-दोनशे स्टिक दाबून ठेवून डिसेंबरात शेजारच्या दुकानदारालाच दुप्पट भावाने विकल्या, त्यांना आमचा निषेध कळावा. जुन्या डीडीआर४चा बाजार तापल्यामुळे स्टिकर बदललेल्या आणि दुरुस्त केलेल्या स्टिक नव्या म्हणून फिरत आहेत. घेताना CPU-Z मधील SPD पान उघडून उत्पादकाचे नाव, भाग क्रमांक आणि उत्पादनाचा आठवडा स्टिकरशी पडताळावा. नावाची जागा कोरी दिसली किंवा एकाच जोडीतील दोन स्टिकांचे आठवडे वर्षाच्या अंतराने आले तर माल परत करावा. पडताळणीनंतरही MemTest86 च्या चार फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय ती ग्राहकाच्या यंत्रात बसवू नये.

आणि विनंती ही की, १ ऑगस्ट २०२५ पासूनची आपली रॅमची सर्व बिले, डिस्ट्रिब्युटरची दिनांकित दरपत्रके आणि अडकलेल्या पुरवठा-आदेशांच्या प्रती प्रत्येकाने महिनाअखेर आमच्याकडे पाठवाव्यात. दुकानाचे नाव झाकले तरी चालेल. तारीख, माप आणि दर झाकू नयेत. अठरा महिन्यांची अट स्मृतीच्या भागांपुरती शिथिल करावी आणि ट्रेंडफोर्सच्या दराशी बांधलेले कलम जेमच्या अटींत घालावे, असा अर्ज तयार आहे. त्याला जोडावयाचे कागद तेवढे कमी आहेत. तोवर कोणीही सात दिवसांहून अधिक मुदतीचे खासगी दरपत्रक देऊ नये, आणि त्यात रॅमची ओळ वेगळी लिहावी.